बारा ओळींचा तक्ता: चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या एका मेलचं प्रकरण

आमची कंपनी पुण्यात एका वॉटर प्युरिफायर कंपनीची सर्व्हिस एजन्सी म्हणून काम करते. ग्राहक मूळ कंपनीचे, मशीन त्यांचं, वार्षिक देखभालीचा करारही त्यांच्याच नावाने. घरोघरी जाऊन फिल्टर बदलायचं काम आमचं, आणि त्यासाठी लागणारी ग्राहकांची यादी आमच्याकडे. एजन्सीतल्या कॉम्प्युटरचं आणि माहितीच्या सुरक्षिततेचं काम माझ्याकडे आहे. फेब्रुवारी २०२६ मधल्या एका शुक्रवारी जे घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशा वेळी नेमकं कुणाला, केव्हा आणि काय कळवायचं हे आम्हाला त्या संध्याकाळी काम करता करताच शोधावं लागलं.

दुपारी ४ वाजून ४७ मिनिटांनी आमच्या कोऑर्डिनेटरने थकीत व्हिजिट्सचा तक्ता विभागाच्या सुपरवायझरला पाठवला. मेलच्या ‘टू’मध्ये तिने नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली आणि आउटलुकने पुढचं नाव सुचवलं. सुपरवायझरचं पहिलं नाव जे, तेच आमचे स्टिकर छापणाऱ्या प्रिंटिंग प्रेसच्या मालकांचं. मागच्या वर्षी स्टिकरच्या डिझाइनसाठी त्यांच्याशी मेलामेली झाली होती, त्यामुळे त्यांचा जीमेल पत्ता सूचनांच्या यादीत वर बसला होता. तिने एंटर दाबलं. ५ वाजून २० मिनिटांनी सुपरवायझरने विचारलं, “तक्ता पाठवला का?” तिने सेंट आयटम्स उघडलं आणि तिला चूक दिसली.

त्यानंतर तिने जे केलं ते बहुतेक जण करतील. तिने आउटलुकमधून ‘रिकॉल’ केलं. रिकॉल चालतं ते एकाच संस्थेच्या मेल सिस्टिमच्या आत. बाहेरच्या जीमेलवर गेलेला मेल त्याने परत येत नाही. उलट ‘हा मेल परत घ्यायचा आहे’ असा आणखी एक मेल समोरच्याला जाऊ शकतो आणि पहिल्या मेलकडे त्याचं लक्ष वेधलं जाऊ शकतं. जीमेलमधलं ‘अनडू’सुद्धा पाठवणाऱ्याला जास्तीत जास्त ३० सेकंदांची सवलत देतं. इथे तेहतीस मिनिटं उलटून गेली होती.

पण तिने एक गोष्ट फार चांगली केली. ६ वाजून ५ मिनिटांनी ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “मॅडम, माझ्याकडून चूक झालीय.” तिचा आवाज कापत होता. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळ्या वेळा एका कागदावर लिहून घेतल्या: मेल कधी गेला, कधी लक्षात आलं, रिकॉल कधी केलं. हा कागद पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला आला.

वेळ लिहून घेताना एक गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित केली. घटना कळवायची मुदत ती माझ्यापर्यंत पोचल्यापासून मोजायची नाही. आमच्या कंपनीतल्या माणसाच्या लक्षात ती ५ वाजून २० मिनिटांनी आली होती, म्हणून मुदतीचं घड्याळ तिथपासून चालू. सर्ट-इन या सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा ब्रीच किंवा डेटा लीक लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावा लागतो. म्हणजे आमची मुदत रात्री ११ वाजून २० मिनिटांपर्यंत होती. ‘वरिष्ठांना कळल्यापासून’ अशी मोजणी केली असती तर पाऊण तास जास्त मिळाला असता, पण तो आमचा नव्हता.

मग मी आमच्या मेलच्या ॲडमिन सेंटरमध्ये मेसेज ट्रेस, म्हणजे त्या मेलच्या प्रवासाची नोंद, काढला. त्यात ‘Delivered’ दिसत होतं. त्याचा अर्थ एवढाच की समोरच्या सर्व्हरने मेल घेतला. मेल कुणी उघडला का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून ६ वाजून २५ मिनिटांनी मी प्रेसच्या मालकांना फोन लावला. आधी स्वतःची ओळख सांगितली आणि मग म्हणाले, “दादा, आमच्याकडून चुकून तुम्हाला एक मेल गेलाय. तो कुणी उघडला असेल तर फक्त सांगा. अजून काही डिलीट करू नका, फॉरवर्ड करू नका. मी उद्या सकाळी दुकानात येते.” ‘डिलीट करू नका’ हे ऐकून ते जरा बुचकळ्यात पडले. पण लगेच डिलीट झालं की फाइल कुठे कुठे गेली हे शोधायचा मागही जातो. आधी विचारायचं, मग पुसायचं. फोनवर धमकीचा किंवा कायद्याचा शब्द मी काढला नाही. चूक आमची होती, आणि त्यांची मदत आम्हाला हवी होती.

इकडे आमच्या शाखा व्यवस्थापकांनी मूळ कंपनीला पाठवायच्या मेलचा मसुदा तयार केला होता. त्यात लिहिलं होतं की ‘फाइलमध्ये केवळ बारा ओळींचा गोषवारा असून कोणत्याही ग्राहकाची वैयक्तिक माहिती नाही.’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फाइल उघडली की तेवढंच दिसत होतं: डावीकडे भागांची नावं, उजवीकडे थकीत व्हिजिट्सचे आकडे, खाली बेरीज. कोथरूड, वारजे, धायरी अशा बारा ओळी. हा मसुदा तसाच गेला असता तर प्रकरण त्या संध्याकाळीच मिटल्यासारखं वाटलं असतं.

मला खटकली ती फाइलची साइज. बारा ओळींच्या तक्त्याला दीडशे केबीच्या वर जागा लागत नाही. मी सेंट आयटम्समधल्या फाइलची वेगळी प्रत काढली, ती उघडली आणि खालच्या बेरजेच्या आकड्यावर डबल क्लिक केलं. एक्सेलने एक नवीन शीट उघडलं आणि त्यात १,८४६ ओळी ओतल्या. नाव, मोबाइल, दुसरा संपर्क, पूर्ण पत्ता, मशीनचं मॉडेल, करार संपण्याची तारीख, थकीत व्हिजिट, शेरा. माझ्या शेजारी उभी असलेली कोऑर्डिनेटर रडायला लागली.

झालं असं होतं. तो तक्ता पिव्हट टेबल होता, म्हणजे मोठ्या यादीवरून एक्सेलने बनवलेला गोषवारा. कोऑर्डिनेटरने मूळ यादीचं शीट आधी काढून टाकलं होतं आणि फक्त गोषवारा ठेवला होता. तिच्या परीने तिने काळजीच घेतली होती. पण पिव्हट टेबल ज्या यादीवरून बनतं तिची एक प्रत फाइलच्या आत साठवून ठेवतं. तिला पिव्हट कॅश म्हणतात. शीट काढलं तरी ही प्रत राहते, आणि बेरजेवर डबल क्लिक केलं की तिच्यातून पूर्ण यादी पुन्हा उभी राहते. अशी फाइल न उघडताही तपासता येते, कारण `.xlsx` ही आतून झिप फाइलच असते:

```
unzip -l AMC_Pending.xlsx | grep pivotCache
```

या यादीत `xl/pivotCache/pivotCacheRecords1.xml` दिसलं आणि त्याची साइज मोठी असली, तर मूळ माहिती आत आहे असं समजायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांकडून माहिती अधिकाराच्या एका उत्तरात सुमारे ९,५०० पोलीस आणि कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर गेली. तिथेही स्प्रेडशीटमध्ये वरवर न दिसणारं शीट आत राहून गेलं होतं. स्क्रीनवर काय दिसतं एवढ्यावरून किती माहिती फुटली हे ठरवायचं नाही, हे मी त्या प्रकरणापासून मनात ठेवलं होतं. त्या दिवशी उपयोगी पडलं.

तेव्हा पावणेआठ होत आले होते. आता प्रश्न होता आकड्याचा, कारण रिपोर्टमध्ये ‘किती लोक बाधित’ हे लिहावं लागतं. १,८४६ हा ओळींचा आकडा. एकेक ओळ म्हणजे एकेक करार, आणि काही घरांत दोन मशीनं आहेत. मोबाइल नंबरवरून दुबार नोंदी काढल्यावर १,७३१ ग्राहक उरले. मग मी ‘दुसरा संपर्क’ या रकान्याकडे वळले. तिथे शेजाऱ्यांचे, मुलांचे, सोसायटीच्या वॉचमनचे नंबर होते, बहुतेक नावासकट. ही माणसं कुणाचीच ग्राहक नाहीत. त्यांनी आपला नंबर आम्हाला स्वतः दिलेलासुद्धा नाही. पण माहिती त्यांचीही फुटली होती. असे २१२ जण निघाले. एकूण १,९४३. हा रकाना मोजायचा राहतो असं मी इतरांच्या प्रकरणांतही पाहिलं आहे, आणि नेमक्या याच लोकांना कळवायला कुणाकडे यादी नसते.

शेवटी शेऱ्याचा रकाना. ‘फिल्टर जुना’, ‘पाण्याचा दाब कमी’ असे शेरे असतील असं मला वाटलं होतं, आणि बरेचसे तसेच होते. पण एक शेरा असा होता: ‘आजी एकट्या असतात, बेल दोनदा वाजवणे.’ दुसरा: ‘किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये.’ तिसरा: ‘मे अखेरपर्यंत मुलाकडे अमेरिकेत, घर बंद.’ टेक्निशियनच्या सोयीसाठी फोन घेणाऱ्यांनी चांगल्या मनाने लिहून ठेवलेले हे शेरे पूर्ण पत्त्यांशेजारी बसले होते. त्या रकान्यात शोध घेऊन भागलं नसतं, कारण प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलं होतं. मी भरलेले पाचशे तीस शेरे एकेक करून वाचले. घराच्या सुरक्षिततेला धक्का लागेल असे ६४ निघाले. आमच्या प्रकरणातला खरा धोका या ६४ ओळींत होता. मोबाइल नंबर फुटला तर फसवणुकीचे फोन येतील. हे फुटलं तर कुणी दारात येऊ शकतं.

सर्ट-इनला कळवायचं की नाही यावर व्यवस्थापकांशी माझा थोडा वाद झाला. त्यांचा मुद्दा असा की इथे कुणी सिस्टिममध्ये घुसलेलं नाही, मग ही सायबर घटना कशी? काही वकीलही असं म्हणतात. पण निर्देशांच्या परिशिष्टात डेटा ब्रीच आणि डेटा लीक वेगळे नमूद केलेले आहेत. शिवाय ६ तासांत सगळा तपास पूर्ण हवा अशी अपेक्षाही नाही. हाताशी आहे तेवढी माहिती द्यायची आणि उरलेली मागाहून पुरवायची, असं सर्ट-इनच्या प्रश्नोत्तरांमध्ये स्पष्ट आहे. रात्री १० वाजून ३२ मिनिटांनी मी `incident@cert-in.org.in` वर त्यांचा फॉर्म भरून पाठवला. मजकूर थोडका ठेवला: घटना घडल्याची वेळ, लक्षात आल्याची वेळ, एका बाह्य जीमेल पत्त्यावर चुकून गेलेली एक्सेल फाइल, आतल्या पिव्हट कॅशमध्ये १,८४६ नोंदी, माहितीचे प्रकार, अंदाजे १,९४३ व्यक्ती, प्राप्तकर्त्याशी फोनवर संपर्क झाला आहे, फाइल उघडली गेली का याची खात्री अद्याप नाही. ती यादी जोडली नाही, नमुन्यादाखल एक ओळसुद्धा नाही. फुटलेली माहिती रिपोर्टसोबत पुन्हा पाठवण्याची चूक घाईत सहज होते.

मूळ कंपनीशी आमच्या करारात २४ तासांची अट होती. त्यांच्या प्रायव्हसी अधिकाऱ्यांना मी सव्वाआठलाच फोन केला आणि लेखी मेल पावणेअकराला पाठवला, व्यवस्थापकांचा पहिला मसुदा बाजूला ठेवून. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण माहिती फुटल्यावर प्रत्येक बाधित व्यक्तीला आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डाला कळवण्याची सक्ती नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होते. ती लागू झाल्यावर बोर्डाला लगेच प्राथमिक माहिती आणि ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागेल. किरकोळ घटना वगळायची मुभा त्यात नाही. युरोपच्या कायद्यात धोका संभवत नसेल तर कळवलं नाही तरी चालतं, आपल्याकडे तशी पायरीच ठेवलेली नाही. ही जबाबदारी मूळ कंपनीची, कारण माहिती कशासाठी वापरायची हे ती ठरवते. आम्ही तिच्या वतीने काम करणारे. पण आम्ही वेळेवर सांगितलं नाही तर ती कुणाला सांगणार?

शनिवारी सकाळी साडेनऊला मी प्रेसमध्ये गेले. दुकानात काउंटरवर एक कॉम्प्युटर, त्यावर जीमेल दिवसभर उघडं. लोक मेलवर फाइल पाठवतात आणि प्रिंट न्यायला येतात, त्यामुळे काउंटरवरचा मुलगा मेल आला की फाइल डाउनलोड करून ठेवतो. आमची फाइलही त्याने शुक्रवारी पाचच्या सुमारास डाउनलोड केली होती, आणि गिऱ्हाईक येईल म्हणून त्या बारा ओळींची एक प्रिंट काढून ट्रेमध्ये ठेवली होती. मालक म्हणाले, “मॅडम, हा कागद कुणी न्यायलाच आलं नाही.” फोनवर त्यांनी ‘मी तर मेल बघितलाच नाही’ असं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. उघडला होता दुसऱ्याने.

मी त्यांच्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. शेजारी बसले आणि मालक स्वतः एकेक करत गेले. इनबॉक्स, मग ट्रॅश, डाउनलोड्स फोल्डर, रिसायकल बिन, त्यांच्या फोनमधलं जीमेल, प्रेसचा व्हॉट्सॲप. पुसण्याआधी डाउनलोड्समधल्या फाइलची ‘मॉडिफाइड’ वेळ पाहिली. डाउनलोडची आणि ती वेळ एकच होती, आणि फाइलमध्ये नवीन शीट नव्हतं. म्हणजे कुणी बेरजेवर डबल क्लिक करून तपशील उघडून फाइल सेव्ह केलेली नव्हती. कुणी उघडून, पाहून, सेव्ह न करता बंद केली असती तर मात्र यातून ते कळलं नसतं. म्हणून पुरवणी अहवालात मी असं लिहिलं: ‘फाइल प्राप्तकर्त्याच्या दुकानात डाउनलोड झाली, गोषवारा छापला गेला, तपशील पाहिल्याचा पुरावा आढळला नाही.’ ‘कुणीही तपशील पाहिला नाही’ असं लिहिलं नाही. या दोन वाक्यांतला फरक व्यवस्थापकांना तेव्हा क्षुल्लक वाटला. मला तो सगळ्यात मोठा वाटतो, कारण दुसरं वाक्य लिहायचा आम्हाला अधिकारच नव्हता. मालकांकडून काय काय पुसलं याचं दोन ओळींचं उत्तर मेलवर घेतलं आणि छापलेला कागद मी सोबत आणला.

ग्राहकांना कळवणं सगळ्यात लांबलं. एकदम १,९४३ जणांना एसएमएस पाठवायचा तर मजकुराचा टेम्प्लेट आधी डीएलटी प्लॅटफॉर्मवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेत, मंजूर असावा लागतो. मूळ कंपनीकडे व्हिजिटच्या आठवणीचे, बिलाचे, ऑफरचे टेम्प्लेट होते. माहिती फुटल्याचं सांगणारा एकही नव्हता. शनिवार-रविवारी मंजुरी मिळाली नाही, एसएमएस गेले ते मंगळवारी. आता असा एक टेम्प्लेट कायमचा मंजूर करून ठेवला आहे.

मजकुरावरही खल झाला. मूळ कंपनीचा पहिला मसुदा होता: ‘काही मर्यादित माहिती अनवधानाने उघड झाली असण्याची शक्यता आहे.’ हे वाचून कोणत्या माणसाला काय करायचं ते कळणार? नव्या नियमांत ग्राहकाला पाच गोष्टी सांगायला लावल्या आहेत: काय झालं, त्याचा तुम्हाला काय त्रास होऊ शकतो, आम्ही काय केलं, तुम्ही काय करावं, आणि कुणाशी बोलावं. सक्ती अजून नसली तरी आम्ही त्याच क्रमाने लिहिलं. शेवटी ज्यांचे ईमेल होते त्यांना असा मजकूर गेला:

‘शुक्रवारी आमच्या सर्व्हिस एजन्सीकडून तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि सर्व्हिसच्या नोंदी असलेली फाइल चुकून एका प्रिंटिंग प्रेसला ईमेलने गेली. बँकेची किंवा कार्डाची माहिती तिच्यात नव्हती. प्रेसने ती पुसून टाकली आहे. तुमच्या मशीनचा उल्लेख करून कुणी करार वाढवायला पैसे मागितले तर देऊ नका. फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच कळवा. शंका असल्यास मशीनवरच्या स्टिकरवर छापलेल्या नंबरवर फोन करा.’

यात लिंक नाही, आणि नवीन फोन नंबरही नाही. माहिती फुटल्याचा मेसेज हाच फसवणुकीचा पहिला मेसेज वाटू शकतो. स्टिकरवरचा नंबर ग्राहकाच्या स्वयंपाकघरात आधीपासून चिकटवलेला आहे, तो आमच्या मेसेजवर अवलंबून नाही.

त्या ६४ घरांसाठी मात्र मी मेसेजची वाट पाहिली नाही. मूळ कंपनीची परवानगी शनिवारी दुपारी फोनवर मिळाली आणि आम्ही तिघी फोन करायला बसलो, मी, कोऑर्डिनेटर आणि एक टेलिकॉलर. कोऑर्डिनेटरला मी यातून वगळणार होते, तीच म्हणाली की मी करते. फोनवर शेऱ्यात काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगायचं असं आधीच ठरवलं होतं. “काकू, आमच्या नोंदीत तुमची किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये असते असं लिहिलेलं होतं, आणि ती नोंद बाहेर गेली.” पलीकडे काही क्षण शांतता. मग, “अगं, हे तुम्ही लिहून कशाला ठेवलं होतं?” या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी किल्ली हलवते म्हणून सांगितलं. एका गृहस्थांनी आम्हाला बरंच सुनावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. अमेरिकेत असलेल्या एकांना त्यांच्या सकाळच्या वेळी पुन्हा फोन केला, त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवलं.

रविवारी रात्रीपर्यंत ५७ जणांशी बोलणं झालं. सोमवारी आणखी पाच. उरलेल्या दोन नंबरांपैकी एक बंद होता आणि एक कुणी उचलत नव्हतं. त्या पत्त्यांवर मंगळवारी आमचा जुना टेक्निशियन गेला, ओळखपत्र आणि मूळ कंपनीचं पत्र घेऊन. एका घरात आजी होत्या, त्यांनी साखळी न काढता दाराच्या फटीतून पत्र घेतलं, स्टिकरवरच्या नंबरवर फोन करून खात्री केली आणि मगच दार उघडलं. दुसऱ्या घराला कुलूप होतं. पत्र दारात सरकवणं म्हणजे घर बंद असल्याची आणखी एक खूण ठेवणं, म्हणून त्याने ते सोसायटीच्या ऑफिसात सही घेऊन दिलं. तीन आठवड्यांनी त्या घरातून फोन आला. तोवर आमच्या सॉफ्टवेअरमधून शेऱ्याचा मोकळा रकाना निघाला होता, आणि त्याच्या जागी ‘येण्याआधी फोन करावा’ एवढा एकच पर्याय होता.